पुरेसा

परवा रात्री भाचीचा फोन आला. "मामा, एक परिच्छेद तपासून दे ना, चारच ओळींचा आहे." तिच्या प्रकल्पाचा विषय पुणे आणि मावळचा पाऊस. पुण्याच्या पावसाचं तिमाहीवार कोष्टक द्यायचं आणि त्याखाली ते थोडक्यात शब्दांत सांगायचं. बाईंनी बजावलं होतं की जे कोष्टकात आहे तेवढंच लिहा, मनाचं काही घालू नका. भाचीला हे फार सोपं वाटलं होतं. मलाही तिच्या वयात वाटलं असतं.

कोष्टक असं होतं. पुण्याचा सरासरी पाऊस, मिलिमीटरमध्ये, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या नोंदींवरून:

जानेवारी ते मार्च – ६.९
एप्रिल ते जून – १७३.३
जुलै ते सप्टेंबर – ४२९.६
ऑक्टोबर ते डिसेंबर – ११२.९
एकूण – ७२२.७

आणि तिचा परिच्छेद असा: "पुण्यात दरवर्षी ७२२.७ मि.मी. पाऊस पडतो. हिवाळ्यात पाऊस फक्त ६.९ मि.मी. असतो. उन्हाळ्यात वळवाच्या सरींमुळे तो १७३.३ पर्यंत वाढतो. पावसाळ्यात मान्सूनमुळे तब्बल ४२९.६ मि.मी. पाऊस पडतो व तो शेतीला पुरेसा असतो. परतीच्या पावसामुळे शेवटच्या तिमाहीत ११२.९ मि.मी. पाऊस होतो. लोणावळ्यात मात्र पुण्याच्या जवळजवळ सहापट पाऊस पडतो."

मराठी चांगलं आहे. आकडाही एक चुकलेला नाही. पण वाचता वाचता मी एका शब्दावर अडकलो, 'पुरेसा'. आमच्या घरात या शब्दाला एक इतिहास आहे. ताईला तो माहीत आहे, भाचीला नव्हता. फोनवर अर्धा सांगितला, उरलेला इथे लिहितो.

आमचे आजोबा मावळातल्या एका कचेरीत कारकून होते. धोतर, काळी टोपी, बंद गळ्याचा कोट आणि कानावर पेन्सिल. कचेरीच्या आवारात पर्जन्यमापक होता आणि त्याचं माप रोज सकाळी वहीत चढवायचं काम बरीच वर्षं त्यांच्याकडे होतं. तिमाही संपली की त्या वहीवरून गोषवारा तयार व्हायचा. वर कोष्टक आणि खाली चार ओळींची टीप. ती टीप साहेबांसाठी. साहेब लोक कोष्टक वाचत नाहीत, टीप वाचतात, असं आजोबा म्हणायचे. यात फारसा फरक अजून पडलेला नाही :)

एका वर्षी जुलै ते सप्टेंबरचा गोषवारा त्यांनी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लिहिला. बेरीज भरघोस होती, मागच्या काही वर्षांपेक्षा जास्तच. आजोबांनी टिपेत आकडे लिहिले आणि हात होता तसाच पुढे गेला: "सबब या तिमाहीत पाऊस भरपूर व भातपिकास पुरेसा झाला." साहेबांनी सही केली, कागद वर गेला.

आता मावळातलं भात कसं असतं ते ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या लक्षात आलंच असेल. जूनमध्ये रोपं, जुलैत आवणी. जुलै-ऑगस्टला लोणावळ्याच्या बाजूला पाणी इतकं असतं की खाचराचे बांध फोडून ते वाट करून द्यावं लागतं. त्या दिवसांत आणखी दोनशे मिलिमीटर पडला काय आणि न पडला काय, भाताला त्याचं सोयरसुतक नाही. पण पुढे पोटरी धरताना आणि दाणा भरताना खाचरात ओल हवी. उत्तरा आणि हस्ताचा पाऊस त्यासाठी लागतो. त्या वर्षी उत्तरा नक्षत्र कोरडं गेलं आणि हस्तही. जुलैत धो धो पडून बेरीज फुगली होती, भात मात्र निसवता निसवता वाळलं. गावांनी सारा तहकूब करावा म्हणून अर्ज केले. त्यातल्या काही अर्जांवर शेरा आला की कचेरीच्याच गोषवाऱ्याप्रमाणे पाऊस पुरेसा झालेला आहे.

सारा तहकुबी खरं तर पिकाच्या आणेवारीवर ठरायची, पावसावर नाही. सोळा आणे म्हणजे भरलेलं पीक आणि चार-सहा आण्यांच्या खाली गेलं की सवलत. पण आणेवारीवरून वाद झाला की ज्याला सवलत द्यायची नाही तो हाताशी सापडेल तो कागद पुढे करतो. त्या वर्षी हाताशी सापडला तो आजोबांचा. अर्ज करणाऱ्यांत त्यांच्या आजोळचीही माणसं होती. त्यांतले एक मामा घरी आले, पाणी प्यायले आणि एवढंच म्हणाले, "अहो भाऊसाहेब, पुरेसा कुणाला?"

तो कागद मी पाहिलेला नाही. गोष्ट आजोबांच्या तोंडून ऐकलेली, तीही त्यांच्या म्हातारपणी, त्यामुळे तपशिलात मीठमसाला असू शकेल. पण त्यांचं एक वाक्य मला जसंच्या तसं आठवतं: "आकडे सगळे बरोबर होते रे. आकडा माझा नव्हता, पण 'पुरेसा' माझा होता."

तारखा बघा म्हणजे चूक नेमकी कुठे होती ते कळतं. हस्त नक्षत्र लागतं सप्टेंबरच्या सत्तावीस तारखेच्या आसपास आणि चालतं दहा ऑक्टोबरपर्यंत. तिमाही संपते तीस सप्टेंबरला. म्हणजे तिमाहीची रेघ हस्ताच्या अंगावरून जाते. ज्या आठवड्यात आजोबांनी "भातपिकास पुरेसा" लिहिलं त्या आठवड्यात भात शेतात उभं होतं आणि त्याला लागणारा पाऊस अजून पडायचा होता. कोष्टकात पीक नव्हतंच. कोष्टकात तीन महिन्यांची एक बेरीज होती, आणि ती जुलैत पडली की सप्टेंबरात हेसुद्धा त्या बेरजेतून दिसत नव्हतं. त्यांनी जे लिहिलं ते कोष्टकातून नव्हे, बेरीज बघून झालेल्या समाधानातून आलं होतं.

असो. आता भाचीच्या परिच्छेदाकडे वळतो, कारण तिने अगदी वेगळ्या वाटेने जाऊन तीच चूक पाच-सहा वेळा केली आहे.

पहिला शब्द 'दरवर्षी'. कोष्टक सरासरीचं आहे. बरोबर ७२२.७ मिलिमीटर पाऊस पुण्यात एखाद्या वर्षी तरी पडला असेल का, कोण जाणे. 'दरवर्षी पडतो' म्हटलं की वाचणारा तसंच धरून चालतो. 'सरासरी वार्षिक पाऊस' म्हटलं की प्रश्न मिटला. सरासरी कुठल्या वर्षांची तेही लिहायला हवं, कारण काळ बदलला की आकडा बदलतो. ही मूळ माहितीच आहे, तिला अलंकार समजून गाळायचं नाही.

मग ऋतूंची नावं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, कारण इथे ती मनाचं काही घालते आहे हे तिच्या गावीही नव्हतं. तिमाह्यांना नुसती महिन्यांची नावं होती. तिने त्यांना हिवाळा, उन्हाळा, पावसाळा म्हटलं. चार तिमाह्या आणि आपले तीन ऋतू, वर एक परतीचा पाऊस, जमलं! पण मार्चमध्ये पुण्यात हिवाळा नसतो, आणि जून तर उन्हाळ्यात धरून चालणारच नाही. तिच्याकडे महिनावार आकडेही होते. मी म्हटलं, काढ. एप्रिल १६.६, मे ४०.६, जून ११६.१. म्हणजे 'उन्हाळ्यात वळवाच्या सरींमुळे' पडलेल्या १७३.३ पैकी ११६.१ मिलिमीटर एकट्या जूनचा, आणि तो बहुतेक मृगाचा आणि आर्द्राचा, सरळ सरळ पावसाळ्याचा. तिकडे 'पावसाळ्यात' ४२९.६ म्हटलं की पावसाळ्यातून जून वगळला गेला. हवामान खातं पावसाळा जून ते सप्टेंबर असा चार महिन्यांचा मानतं. तसं मोजलं तर पुण्याचा आकडा येतो ५४५.७, वर्षाच्या पावसाचे तीन चतुर्थांश. तिमाहीने मोजलं तर ४२९.६, म्हणजे ५९ टक्के. वर्ष तेच आणि पाऊसही तोच. रेघ कुठे मारली एवढाच फरक.

तिमाही ही हिशेबाची सोय आहे, ढगांना तिची खबर नसते. तीस जूनची रेघ आर्द्रा नक्षत्राच्या मधून जाते आणि तीस सप्टेंबरची हस्ताच्या. म्हणून कोष्टकाने ज्याला 'एप्रिल ते जून' म्हटलंय त्याला आपणही 'एप्रिल ते जून'च म्हणायचं. रुक्ष वाटतं, वाटू द्या.

त्यानंतर 'मुळे'. वळवाच्या सरींमुळे, मान्सूनमुळे, परतीच्या पावसामुळे. कोष्टकात कारणाचा रकाना कुठे आहे? भाची म्हणाली, "पण मान्सूनमुळेच पडतो ना, मामा?" पडतो. खरंच आहे. पण ते तिला भूगोलाच्या पुस्तकातून माहीत आहे, या कोष्टकातून नाही. वळवाच्या बाबतीत बघितलंच, कारण चिकटवताना ते चुकीच्या आकड्याला चिकटलं.

याच न्यायाने लोणावळ्याचं वाक्यही काढावं लागलं, आणि ते काढताना मला जरा जड गेलं, कारण ते माझं गाव. घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पुण्यात सातशे-सव्वासातशे, तेव्हा 'जवळजवळ सहापट' हे खोटं नाही. पण कोष्टक पुण्याचं आहे. त्याच्या वर्णनात लोणावळा आला की वाचणारा कोष्टकात लोणावळा शोधायला जातो, आणि तो तिथे नसतो. लोणावळ्याचं वेगळं कोष्टक दे आणि त्याखाली वेगळं लिही, असं तिला सांगितलं. विधान खरं आहे की खोटं हा इथे प्रश्न नाही. ते या कोष्टकातून निघतं का, एवढंच बघायचं.

आणि राहिले 'फक्त' आणि 'तब्बल'. आपल्या वर्तमानपत्रांनी 'तब्बल'चा इतका वापर केलाय की तो आता आकड्याचा उपसर्गच झालाय. पण ६.९ ला 'फक्त' म्हणणारा मनातल्या मनात कशाशी तरी तुलना करत असतो. जानेवारी ते मार्चसाठी ६.९ कमी आहे की जास्त, हे दुसऱ्या वर्षांचे किंवा दुसऱ्या गावांचे जानेवारी ते मार्च बघितल्याशिवाय कसं म्हणणार? मराठीत आणखी एक चोरवाट आहे, ती म्हणजे 'च'. '६.९च मिलिमीटर' म्हटलं की एका अक्षरात मत दिलं. 'वाढतो' आणि 'घसरतो' ही क्रियापदंही मी बदलली. एका तिमाहीचा आकडा दुसरीपेक्षा मोठा आहे, एवढंच सांगायचंय. 'घसरला' म्हटलं की काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं.

मग मनाचं काहीच नाही तर उरतं काय, असं तिने थोडं वैतागून विचारलं. बरंच उरतं. सर्वांत मोठा आकडा कुठला आणि सर्वांत लहान कुठला. मधले दोन. बेरीज. कुणाचा वाटा किती. हे गणित आपण केलेलं असलं तरी वाचणारा तेच आकडे घेऊन ते पडताळू शकतो, म्हणून चालतं. मात्र ५९ टक्क्यांना 'जवळजवळ दोन तृतीयांश' म्हणायचं नाही. साठाला 'सुमारे' लावून म्हणता येईल, पण ५९ लिहायला काय जातं?

ही पद्धत ज्यांच्याकडून आजोबांची पिढी शिकली ते इंग्रजी अंमलातले कागद मी पुढे हौसेने वाचले. पुणे जिल्ह्याचा गॅझेटिअर, बॉम्बे गॅझेटिअरचा अठरावा खंड, १८८५ साली निघाला. जेम्स कँबेल संपादक, तीन जाडजूड भाग. त्यात पाऊस, धान्याचे भाव, रेल्वे स्टेशनांवरची वाहतूक, कशाचंही कोष्टक येवो, आधीचं वाक्य ठरलेलं: अमुक सालापासून तमुक सालापर्यंतच्या नोंदींत आकडा इतक्यापासून इतक्यापर्यंत, सर्वांत जास्त या साली, सर्वांत कमी त्या साली, सरासरी इतकी, तपशील पुढीलप्रमाणे. पानंच्या पानं तेच. झोप येते. पण सव्वाशेहून अधिक वर्षांनी ती वाक्यं अजून वापरता येतात, कारण आकडा आणि वाक्य यांच्यात तिसरं कुणी उभं नाही. गंमत म्हणजे त्याच खंडात माणसांचं वर्णन सुरू झालं की हेच लेखक अमुक जात आळशी, तमुक काटकसरी, अशी विशेषणं मुठीने उधळतात. तो भाग आज वापरायचा तर चिमट्याने उचलावा लागतो. म्हणजे संयम स्वभावात नव्हता, कोष्टकाच्या धाकाने आला होता.

कोष्टकातून पुढचं सांगायचा मोह किती मोठ्या माणसांना झाला हे बघायचं तर हवामान खात्याचाच इतिहास बघावा. खातं १८७५ साली स्थापन झालं, हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख. हिमालयातला बर्फ आणि पुढचा पावसाळा यांचा संबंध आहे असं त्यांना वाटलं आणि १८८०च्या दशकात त्यांनी त्यावरून अंदाज द्यायला सुरुवात केली. त्यांच्यानंतर आलेल्या जॉन एलियट यांनी आणखी बरीच निरीक्षणं जोडून हे अंदाज वाढवले. १८९९ साली त्यांनी सरासरीपेक्षा चांगल्या पावसाचा अंदाज दिला आणि त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला. विक्रम संवत १९५६, म्हणून लोक ज्याला छप्पनचा दुष्काळ म्हणत तो हाच. मुंबई इलाख्याने तेव्हा काय भोगलं ते सांगायला वेगळा लेख लागेल. अंदाज बांधणं चूक असं मला म्हणायचं नाही, ते तर खात्याचं कामच. पण त्या वर्षांचे पावसाचे तक्ते आजही अभ्यासक वापरतात. ते अंदाज मात्र आता फक्त चुकलेले अंदाज म्हणूनच वाचले जातात.

वर्णन करताना कोष्टक नेमकं काय मोजतं तेही माहीत असावं लागतं, नाहीतर साधं क्रियापदसुद्धा फसवतं. आजोबांच्या वहीतला एक बारकावा सांगतो. पाऊस मोजतात सकाळी. आता भारतभर साडेआठला. सायमन्सचा पर्जन्यमापक म्हणजे पाच इंच व्यासाचं तोंड असलेलं नळकांडं, आत नरसाळं आणि बाटली, काठ जमिनीपासून साधारण फूटभर उंच. बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतायचं आणि वाचायचं. गेल्या चोवीस तासांत पडलेलं सगळं पाणी त्या सकाळच्या तारखेला लिहिलं जातं. म्हणजे तीस जूनला सकाळी साडेआठनंतर, दिवसभर आणि रात्रभर जे कोसळलं ते वहीत एक जुलैला चढतं, आणि कोष्टकात पुढच्या तिमाहीत जातं.

पुण्याला यामुळे दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतील. लोणावळ्याला एका रात्रीत दोनशे मिलिमीटर पडणं नवलाचं नाही. तिथे ही एकच रात्र एका तिमाहीतून उचलून दुसरीत टाकली जाते. म्हणून आजोबा नंतर 'जूनअखेर पडलेला पाऊस' असं लिहीत नसत, 'जूनअखेर नोंदलेला पाऊस' असं लिहीत. लहानपणी मला हा कारकुनी शब्द वाटायचा.

तसंच शून्याचं. 'शून्य' म्हणजे मापक बघितला आणि पाणी नव्हतं. रेघ म्हणजे बघितलाच नाही, किंवा तो मोडला होता, किंवा कारकून रजेवर होता. जानेवारी ते मार्चच्या रकान्यात दोन्ही सारखेच दिसतात आणि बेरजेत दोन्ही शून्यच धरले जातात. वर्णन करणाऱ्याने 'पाऊस झाला नाही' आणि 'नोंद नाही' यांची गल्लत केली की नंतर कुणालाही ती सोडवता येत नाही. ज्या रकान्यात रेघ आहे तिथे 'नोंद नाही' लिहायचं आणि बेरजेतही तसं सांगायचं, की ही बेरीज इतक्याच महिन्यांची आहे.

मामांच्या त्या प्रश्नाकडे परत येतो. पुरेसा कुणाला? लोणावळ्याचा माणूस असल्यामुळे मला हा प्रश्न नेहमी वळवणच्या धरणाच्या भिंतीकडे बघून आठवतो. १९१० साली टाटांनी जलविद्युत कंपनी काढली, १९११ साली लोणावळ्यात धरणाच्या कामाची कोनशिला बसली आणि १९१५ साली खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. लोणावळा, वळवण आणि शिरवता हे तीन तलाव त्यासाठीचे. हे सगळं उभं राहिलं ते घाटमाथ्यावरच्या पावसाच्या जिवावर. चार महिने पडतो तो साठवायचा, घाटाखाली सोडायचा आणि बारा महिने जनित्रं फिरवायची. तलावाच्या माणसाला पाऊस जुलैत पडला की सप्टेंबरात याने फारसं बिघडत नाही, तलाव भरून वाहिला नाही म्हणजे झालं. त्याला बेरीज हवी. त्याच तलावाच्या काठावर भात लावणाऱ्याला बेरजेचा उपयोग नाही, त्याला उत्तरा आणि हस्त हवेत. आणि पुण्या-मुंबईहून शनिवार-रविवारी भुशी धरणावर भिजायला येणाऱ्यांना तर नुसता शनिवार-रविवारचा आकडा पुरे :)

आजोबांच्या त्या वर्षीच्या तिमाहीबद्दल तलावाच्या हिशेबनिसाने 'पुरेसा' लिहिलं असतं तर ते त्याच्यापुरतं बरोबर ठरलं असतं. खाचरवाल्याच्या हिशेबाने ते साफ चूक होतं. आकडा एकच. वर्णन करणाऱ्याने उत्तर देऊन टाकलं तर ते कुणाच्या तरी प्रश्नाचं उत्तर होतं, आणि दुसऱ्याच्या अर्जावर शेरा म्हणून येऊन बसतं. आजोबांनी नुसता आकडा लिहिला असता तर अर्ज मंजूर झाला असता असं मी म्हणत नाही. नामंजूर करणाऱ्याला कारण स्वतःच्या पदरचं द्यावं लागलं असतं, एवढंच.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांच्या टिपा कोरड्या ठणठणीत होत्या असं आजी सांगायची. एका साहेबांनी म्हणे विचारलंही, की कारकून, पीकपाण्याबद्दल काहीच कसं लिहीत नाही? आजोबांनी सांगितलं, त्याचा तक्ता वेगळा आहे साहेब, तो तलाठ्याकडून येतोय.

भाचीला मी परिच्छेद लिहून दिला नाही, तिच्याकडूनच काढून घेतला. तासभर लागला आणि ताईने मधे दोनदा "अरे जेवू दे तिला" म्हणून फोन ओढायचा प्रयत्न केला. शेवटी झाला तो असा:

"वरील कोष्टकात पुण्याच्या सरासरी पावसाचे तिमाहीवार आकडे मिलिमीटरमध्ये दिले आहेत. ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या नोंदींवरून काढलेले आहेत. सर्वांत मोठा आकडा जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचा, ४२९.६ आहे व सर्वांत लहान जानेवारी ते मार्चचा, ६.९ आहे. एप्रिल ते जूनचा आकडा १७३.३ व ऑक्टोबर ते डिसेंबरचा ११२.९ आहे. चार तिमाह्यांची बेरीज ७२२.७ होते. तिच्यापैकी सुमारे ५९ टक्के पाऊस जुलै ते सप्टेंबर या तिमाहीतला आहे."

तिने तो मोठ्याने वाचला आणि म्हणाली, "मामा, हे फारच बोअर आहे. बाई म्हणतील कोष्टकच परत लिहिलंय."

म्हटलं, म्हणू देत. मग तिने विचारलं की मान्सूनचं आणि लोणावळ्याचं जे काढलं ते वाया घालवायचं का? ते खाली वेगळ्या मथळ्याखाली लिही, 'माझे विचार' म्हणून, आणि तिथे महिनावार आकडे आणि लोणावळ्याचं कोष्टक दे, असं सुचवलं. ते तिला पटलं. 'पुरेसा' तिथेही घालू का, असं तिने विचारलं, तेव्हा मी तिला पणजोबांच्या मामांचा प्रश्न परत सांगितला. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "थांब, भाताला किती पाणी लागतं आणि कधी, ते आधी शोधते."

वडगावच्या भात संशोधन केंद्रात विचार, असं सांगितलंय. इंद्रायणी तांदूळ तिथलाच. आमच्या घरी दर रविवारी शिजतो आणि हे तिला ठाऊक नव्हतं.

आजोबांची वही मात्र सापडत नाही. लोणावळ्याच्या घराचा माळा उतरवला तेव्हा काकांनी दोन ट्रंका तळेगावला नेल्या होत्या. त्यांत लाल कापडाच्या बांधणीची, लांबट आकाराची वही कुणाला दिसली तर कळवा.